ओटी भरली की कमरेत चमक: मागे झुकल्यावर वाढणाऱ्या कंबरदुखीचं एक प्रकरण

रुग्ण ४७ वर्षांची, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. घरचं तीन एकर कोरडवाहू वावर आणि हंगामात दुसऱ्याकडे कापूस वेचणीची मजुरी. वजन ५२ किलो. कंबरदुखी दोन महिन्यांपासून, उजव्या बाजूला. दुखणं कुल्ल्यात आणि मांडीच्या मागच्या वरच्या भागात उतरतं, टोंगळ्याच्या, म्हणजे गुडघ्याच्या, खाली जात नाही. ग्रामीण रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात ती आली तेव्हा हातात एक्स-रे होता, कमरेला पट्टा होता आणि तोंडी निदान होतं: "गॅप आली."

तिच्या सांगण्यातलं एक वाक्य मात्र एक्स-रेपेक्षा उपयोगी होतं. "वाकून निंदाले काही होत नाही जी, पण उभं राहून मांगं झुकलं का कमरेत चमक निघते."

बहुतेक कंबरदुखीवाले याच्या उलट सांगतात. वाकलं की दुखतं, बसून उठताना दुखतं, शिंकलं की कळ पायात जाते. हिला पुढे वाकल्यावर बरं वाटतं, उकिडवं बसल्यावर तर सगळ्यात बरं. दुखणं वाढतं ते दोरीवर कपडे वाळत घालताना, मांडणीवरचा वरचा डबा काढताना, गाठोडं डोक्यावर घेताना, पोटावर झोपल्यावर आणि दुपारनंतर वेचणीत उभं राहिल्यावर. शिंकण्या-खोकण्याने काही होत नाही. सकाळी कंबर आखडलेली असते, पण चूल पेटवून चहा होईपर्यंत, म्हणजे १५-२० मिनिटांत, मोकळी होते.

मणक्याच्या मागच्या बाजूला प्रत्येक दोन मणक्यांमध्ये डावा-उजवा असे दोन छोटे सांधे असतात. त्यांना फॅसेट सांधे म्हणतात. टोंगळ्याच्या सांध्यासारखीच त्यांना कुर्चा असते, आवरण असतं, आत वंगण असतं आणि आवरणात दुखणं कळवणाऱ्या नसा असतात. घरावरची कवेलू एकावर एक चढवलेली असतात तसे हे सांध्याचे पृष्ठभाग एकमेकांवर बसलेले असतात. पुढे वाकलं की ते एकमेकांपासून सरकून मोकळे होतात. मागे झुकलं की घट्ट दाबले जातात, आणि मागे झुकून उजवीकडे वळलं की उजव्या बाजूचा सांधा सगळ्यात जास्त दाबला जातो. सरळ उभं असताना कमरेवरच्या भाराचा दहा ते वीस टक्के वाटा हे सांधे उचलतात. मागे झुकल्यावर हा वाटा वाढतो, आणि मधली चकती झिजून बसकी झाली असेल तर आणखी वाढतो. असा दाब रोज तासन्‌तास पडला की सांध्याचं आवरण चिडतं, सुजतं आणि आजूबाजूचे स्नायू आखडतात.

आता प्रश्न असा की वेचणी तर वाकून करायची असते, मग हा मागचा दाब आला कुठून?

ओटीचा हिशेब

पहिल्या वेचणीआधीची वावरातली पूजा, सीतादही, झाली की गावातल्या बाया पहाटे वावरात. कमरेला पातळाची किंवा चादरीची ओटी बांधतात आणि वेचलेला कापूस तीत टाकत पुढे सरकतात. मजुरी किलोवर असते, म्हणून ओटी पुरती फुगेपर्यंत कोणी गंजीकडे जात नाही. या बाईला घरून ओटी आणायला सांगितली, नेहमीइतकी भरून तिचं वजन केलं. सात किलो भरलं.

पऱ्हाटी बुटकी असेल तर बाई वाकलेली असते आणि ओटी मांडीवर टेकते. पण यंदाची पऱ्हाटी छातीएवढी वाढलेली, बोंडं वरच्या फांद्यांना. म्हणजे वेचणी उभ्याने. सात किलोचा भार शरीराच्या मधल्या रेषेपासून साधारण २० सेंटीमीटर पुढे लोंबतो. तो भार सांभाळताना पुढे तोल जाऊ नये म्हणून धड मागे न्यावं लागतं. ५२ किलोच्या बाईचं कमरेवरचं वजन ढोबळमानाने २६ किलो धरलं तर सात गुणिले वीस भागिले सव्वीस, म्हणजे धड पाच-साडेपाच सेंटीमीटर मागे. पाच सेंटीमीटर ऐकायला थोडं वाटतं. पण हे मागे जाणं मुख्यतः कमरेच्या खालच्या दोन-तीन मणक्यांत होतं, आणि ओटी जसजशी भरते तसतसं वाढत जातं. त्यात ओटीची गाठ ओटीपोटावर खाली बांधलेली, ती कंबरेचं हाड पुढे ओढून खळगा आणखी खोल करते. तिचं दुखणं सकाळी नसून दुपारी का वाढतं, याचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

याच कारणाने गरोदर बाईची कंबर शेवटच्या महिन्यांत मागच्या बाजूला दुखते, आणि पोट सुटलेल्या माणसाचीही.

तपासणीत काय दिसलं

उभी असताना पोट पुढे, कमरेचा खळगा खोल. पुढे वाकायला सांगितलं तर बोटं पायाच्या घोट्यापर्यंत सहज गेली, दुखलं नाही. सरळ होताना शेवटच्या टप्प्यात जरा आवळलं. मागे झुकायला सांगितलं तर थोडं झुकताच उजवीकडे कळ. हे मोजायला कोन मोजणारा गोनियोमीटर लागतोच असं नाही. हात मांडीच्या मागे सरळ सोडायचे, मधल्या बोटाचं टोक कुठे आहे ते पाहायचं, मग मागे झुकल्यावर ते किती बोटं खाली सरकतं ते मोजायचं. तिचं दोन बोटंच सरकलं. मागे झुकून उजवीकडे वळवलं तेव्हा तिने हात टेकला. डावीकडे वळून फक्त ताण. दुखणं किती, हे एक ते दहा आकड्यांत विचारण्यापेक्षा "रुपयात किती आणे?" असं विचारलं की या वयाच्या बाया झटकन सांगतात. तिने बारा आणे सांगितलं.

कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेषा साधारण चौथ्या कंबर-मणक्यावरून जाते. त्या रेषेच्या जरा खाली, मधोमधच्या टोकदार हाडापासून उजवीकडे दोन बोटांवर अंगठ्याने खोल दाबलं की तिचंच दुखणं जागं झालं. मधल्या हाडांवर ठोकून दुखलं नाही.

पाठीवर झोपवून पाय सरळ ठेवून उचलला, ८० अंशांपर्यंत गेला, पायात कळ आली नाही. टाचांवर आणि चवड्यांवर चालता येत होतं, पायाची बोटं वर खेचण्याची ताकद दोन्हीकडे सारखी. खुबा आत फिरवून पाहिला, मोकळा. दुसरा पाय पोटाशी धरून उजवा पाय बाजेच्या कडेवरून खाली सोडला तर मांडी वरच राहिली, म्हणजे खुब्याच्या पुढचा स्नायू आखूड झालेला. हा स्नायू आखूड असला की उभं राहिल्यावर तो कमरेचे मणके पुढे ओढतो आणि खळगा वाढवतो. पालथं झोपल्यावर दुखण्याचंही एक कारण हेच.

यावरून फॅसेटचं दुखणं असावं, असं म्हणता येतं. "आहेच" असं नाही. मागे झुकल्यावर दुखणं हे एकट्याने फॅसेटचा पुरावा ठरत नाही. तपासणीच्या टेबलावरची कुठलीच एक खूण ते सिद्ध करत नाही. खात्री करायची तर त्या सांध्याच्या नसेजवळ मोजून भूल देऊन दुखणं थांबतं का ते पाहावं लागतं, आणि ते सुरुवातीला कोणीही करू नये. एक्स-रेचंही तेच. तिच्या एक्स-रेत शेवटच्या दोन मणक्यांमधली जागा कमी दिसत होती आणि सांध्याच्या कडा जाड. चाळिशीनंतर असं कितीतरी ठणठणीत माणसांच्या एक्स-रेत दिसतं. "गॅप" हा शब्द ऐकून बायांना वाटतं की मणका निखळला, आता ओझं उचललं तर लुळं पडू. त्या भीतीने हालचाल बंद होते आणि दुखणं मुरतं.

म्हणून आधी नाही-नाही ते वगळणं महत्त्वाचं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं विचारलं. मणक्याचा क्षय आपल्याकडे विसरून चालत नाही. विदर्भात सिकलसेलबद्दलही विचारावंच लागतं. सिकलसेलमध्ये हाडांचा रक्तपुरवठा अडून कंबर दुखते, आणि खुब्याचा गोळा खराब होऊन जांघेत दुखतं. तिची तपासणी गावात झालेल्या शिबिरात पूर्वीच झाली होती, सिकल नव्हता. अंग बाहेर येणं, पांढरं जाणं यावर बऱ्याच बाया कंबरदुखी ढकलतात, तेही विचारलं, नव्हतं. चालताना दोन्ही पायांत गोळे येऊन बसावं लागतं का? नाही. हे हो असतं तर नसांची नळी अरुंद झाल्याचा संशय घ्यावा लागला असता, कारण तेही दुखणं मागे झुकल्यावर वाढतं आणि वाकल्यावर कमी होतं. फरक असा की तिथे त्रास मुख्यतः पायांत असतो. पोरसवदा वयात, विशेषतः वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलात, मागे झुकल्यावर कंबर दुखत असेल तर फॅसेटआधी मणक्याच्या मागच्या कमानीला गेलेली बारीक चीर आठवावी. मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, पायाची ताकद घटत जाणं, यातलं काहीही असेल तर व्यायामाचं नाव न काढता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात.

आधी काय चुकलं होतं

दोन महिन्यांत तिने तीन गोष्टी केल्या होत्या. इंजेक्शनं घेतली, दर वेळी दोन दिवस बरं. पट्टा बांधला, त्याने चालताना आधार वाटला. आणि मुलीने मोबाइलवर दाखवलेलं भुजंगासन रोज सकाळी दहा वेळा केलं, शिवाय "पुढे अजिबात वाकायचं नाही" हे कोणाचं तरी सांगणं पाळलं. अंगणाचं सारवण सुनेकडे गेलं, निंदण बंद, उकिडवं बसणं बंद. म्हणजे ज्या हालचालींनी सांधा मोकळा व्हायचा त्या सगळ्या थांबल्या, आणि जिने तो दाबला जातो ती सकाळी दहा वेळा. भुजंगासन वाईट नाही. चकतीचं दुखणं, पायात उतरणारी कळ, वाकल्यावर वाढणारा त्रास असलेल्या अनेकांना पालथं झोपून कंबर मागे नेल्याने आराम पडतो, आणि "वाकू नका" हा सल्लाही त्यांच्यासाठी काही आठवडे बरोबर असतो. दुखण्याची दिशा न विचारता दिलेला व्यायाम मात्र अनेकांना उलटा पडणार.

दिशा बरोबर धरली आहे का हे पहिल्याच दिवशी पाहता येतं. तिला पाठीवर झोपवून दोन्ही गुडघे छातीकडे घ्यायला लावले, दहा वेळा, सावकाश. मग लगेच उभं करून पुन्हा मागे झुकायला सांगितलं. बोट आता तीन बोटं खाली सरकलं, दुखणं बारा आण्यांवरून सात आण्यांवर आलं. पायात कळ उतरली नाही. हे शेवटचं जास्त महत्त्वाचं. गुडघे छातीशी घेतल्यावर कंबर हलकी वाटली तरी पोट्रीत किंवा पावलात मुंग्या सुरू झाल्या, तर दिशा चुकली आहे, व्यायाम तिथेच थांबवायचा.

पहिले दोन आठवडे: सांधा शांत करणं

घरी करायला चारच गोष्टी दिल्या. जास्त दिल्या की एकही नीट होत नाही.

पहिली, नुसतं पडणं. जमिनीवर सतरंजी घालून पाठीवर झोपायचं आणि दोन्ही पोट्र्या बाजेवर किंवा घड्या केलेल्या गोधड्यांच्या थप्पीवर ठेवायच्या, गुडघे आणि खुबे काटकोनात येतील अशा. मांडीचा भार गेला की कमरेचा खळगा आपोआप जमिनीला टेकतो. दहा मिनिटं, दुपारी वावरातून आल्यावर आणि रात्री. हवं तर कमरेखाली कापडात गुंडाळलेली शेकण्याची पिशवी, १५ मिनिटांपेक्षा जास्त नाही.

दुसरी, गुडघे छातीशी. आधी एक पाय, मग दुसरा. हात गुडघ्यावर न धरता मांडीच्या मागे धरायचे, नाहीतर गुडघा दुखतो. श्वास सोडत जवळ घ्यायचं, माकडहाड सतरंजीवरून जरासं उचललं जाईल इतकं. दहा सेकंद थांबायचं, आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. घात होतो तो पाय खाली आणताना. दोन्ही पाय सरळ करून एकदम खाली सोडले की पायांचं वजन कंबर पुढे खेचतं आणि जे मोकळं केलं ते पुन्हा दाबलं जातं. एक-एक पाय, गुडघा वाकवलेलाच, तळवा जमिनीला टेकेपर्यंत.

तिसरी, खळगा भरणं. गुडघे वाकवून पाठीवर झोपायचं, एक हात कमरेच्या खळग्यात ठेवायचा. बेंबीखालचा भाग हलकेच आत घेत कमरेने तो हात दाबायचा, पाच सेकंद, दहा वेळा. बाया इथे श्वास कोंडतात, मान उचलतात किंवा पायाने जमीन ढकलून कुल्ले वर करतात. बोलता-बोलता जमलं तरच ते बरोबर. ही हालचाल वरवर क्षुल्लक दिसते, पण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे, म्हणून दोन भेटींत फक्त हीच घोटून घेतली.

चौथी, गुडघे-हात टेकून पाठ मांजरासारखी वर फुगवणं आणि परत सपाट करणं. सपाटपर्यंतच. पोट खाली सोडून कंबर खोल करायचा दुसरा अर्धा भाग या दिवसांत वगळायचा. त्यानंतर कुल्ले टाचांवर टेकवून हात पुढे लांबवत कपाळ जमिनीकडे न्यायचं, अर्धा मिनिट. टोंगळे दुखत असतील तर टाच आणि मांडीमध्ये उशी.

झोपताना पालथं नाही. कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी. मधोमध खचलेल्या बाजेवर पालथं झोपणं हे तर रात्रभर भुजंगासनच.

सारवण आणि निंदण पुन्हा सुरू करायला सांगितलं तेव्हा तिला पटेना. "मंग वाकू काय मॅडम?" वाका काकू, पण सकाळी उठल्या-उठल्या अर्धा तास नको आणि एका जागी २० मिनिटांपेक्षा जास्त नको, असं उत्तर होतं. गोळी म्हणाल तर गरज पडली तर पॅरासिटॅमॉल. उपाशीपोटी डायक्लोफेनॅक खाऊन वावरात जाण्याची सवय मोडली. पोटाला आणि उन्हात पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडाला ती महागात पडते.

वावरातला बदल

व्यायाम घरात अर्धा तास, ओटी वावरात सात तास. ओटी तशीच राहिली असती तर घरचा अर्धा तास वाया. पण "कमी कापूस वेचा" असं मजुरी किलोवर असलेल्या बाईला सांगण्यात अर्थ नाही. तिचा वेळ न जाता ओटी हलकी कशी राहील, हे पाहायचं होतं.

तोडगा साधा निघाला. गंजीवर जाण्याऐवजी रिकामी चुंगडी पऱ्हाटीच्या ओळीच्या मध्यात ठेवायची आणि ओटी अर्धी, म्हणजे तीन किलोच्या आसपास झाली की तिथेच रिती करायची. वरच्याच हिशेबाने तीन किलोला धड दोन-सव्वादोन सेंटीमीटरच मागे जातं. चुंगडी भरली की ती नेणं नवऱ्याकडे किंवा मुलाकडे. ओटीची गाठ ओटीपोटावरून काढून कमरेच्या हाडाच्या वर घेतली, आणि पदर दुहेरी करून अर्धा भार डाव्या, अर्धा उजव्या कुशीला येईल असा पाडला. समोर एकच फुगा लोंबत नाही.

ओटी रिती करताना दर वेळी २०-३० सेकंद उकिडवं बसायचं. चिखल असेल तर धुऱ्यावर एक पाय ठेवून कोपर त्या मांडीवर टेकवायचं. उंच फांदीचं बोंड मान-कंबर मागे टाकून ओढायचं नाही, फांदी खाली वाकवून घ्यायची. गाठोडं डोक्यावर घेताना आधी ते धुऱ्यावर किंवा बंडीच्या काठावर चढवायचं, चुंबळ डोक्यावर ठेवून स्वतः खाली वाकून त्याच्याखाली जायचं आणि पायांनी उठायचं. जमिनीवरून उचलून डोक्यावर घेताना कंबर जितकी मागे मोडते तितकी दिवसात कुठल्याच कामात मोडत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून

दुखणं पाच-सहा आण्यांवर आलं होतं. आता दोन गोष्टी वाढवल्या. खुब्याच्या पुढचा आखूड स्नायू ताणायला उजवा गुडघा गोधडीवर टेकवून डावा पाय पुढे ठेवायचा. आधी कमरेचा खळगा भरायचा, उजवा कुल्ला आवळायचा, आणि मगच दोन-चार सेंटीमीटर पुढे सरकायचं. ताण जांघेत पुढून यायला हवा. कमरेत मागून आला तर खळगा सुटला आहे. ३० सेकंद, तीनदा. बहुतेक जण इथे फार पुढे जातात आणि स्नायू न ताणता कंबरच मागे मोडतात.

दुसरं सेतुबंध, पण कमी उंचीचं. खळगा भरून कुल्ले आवळायचे आणि खांदे-गुडघे एका रेषेत येतील इतकेच उचलायचे. पाच सेकंद, आठ वेळा, दोनदा. त्याहून वर गेलं की काम कुल्ल्यांकडून कमरेकडे जातं. योगाच्या चित्रातली उंच कमान इथे नको.

चौथ्या आठवड्यात दुखणं एकदम उसळलं, पुन्हा दहा आणे. कारण विचारल्यावर कळलं की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कापूस भरताना तिने दुपारभर चुंगड्या डोक्याच्या वर ढकलल्या होत्या. अशा वेळी लोक सगळंच सोडून पट्टा बांधून पडून राहतात. तिला तीन दिवस फक्त पहिल्या दोन गोष्टी करायला आणि घरातल्या घरात चालत राहायला सांगितलं. चौथ्या दिवशी दुखणं सहा आण्यांवर आलं आणि पुढचा क्रम तिथूनच सुरू झाला.

सहाव्या आठवड्यात मागे झुकणं परत आणलं, मुद्दाम. काम करणाऱ्या बाईला आयुष्यभर मागे न झुकता राहता येत नाही, आणि सांध्यालाही हालचाल लागतेच. सुरुवात पालथं होऊन कोपरांवर टेकण्यापासून, पोटाखाली पातळ उशी, अर्धा मिनिट, तीनदा. मग उभ्याने दोन्ही तळवे कुल्ल्यांवर ठेवून, कुल्ले आवळून, खुब्यातून मागे, पाच वेळा. मोजमाप असं: करताना चार आण्यांपर्यंत दुखलं तर चालेल, पण दहा मिनिटांत ते उतरायला हवं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आखडलेपणा वाढलेला नको. वाढला तर संख्या निम्मी.

आठव्या आठवड्यात मागे झुकताना बोट पाच बोटं खाली जात होतं, शेवटी फक्त ताण. वळून झुकल्यावर दोन-तीन आणे. शेवटच्या वेच्याला ती पूर्ण दिवस गेली. पट्टा सुटला. एक्स-रे पुन्हा काढला नाही; काढला असता तरी "गॅप" तेवढीच दिसली असती. यातलं किती व्यायामाने, किती हलक्या ओटीने आणि किती हंगाम सरत आल्याने, हे एका रुग्णावरून वेगळं काढता येत नाही. ओटीचा वाटा मोठा असावा, असं ट्रॉलीच्या दिवसावरून वाटतं.

सहा ते आठ आठवडे हे सगळं नीट करूनही फरक पडला नसता तर तिला नागपूर किंवा सेवाग्रामसारख्या मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागलं असतं. तिथे आधी निदान पुन्हा तपासतात. मग सांध्याच्या नसेजवळ भूल देऊन पाहतात, आणि त्या भुलेने दुखणं स्पष्ट थांबलं तरच ती बारीक नस रेडिओलहरींच्या उष्णतेने निकामी करतात. आराम अनेकदा काही महिने ते वर्षभर टिकतो. नस पुन्हा वाढते, तेव्हा दुखणं परत येऊ शकतं.

दरम्यान घरात एक गोष्ट घडली ती नोंदवायला हवी. ही बाई बरी होताना पाहून तिच्या सत्तरीच्या सासूबाईंनीही गुडघे छातीशी घेणं सुरू केलं. त्यांची उंची काही वर्षांत कमी झालेली, पाठीला पोक आलेलं, मधल्या हाडावर ठोकलं की दुखायचं. अशा हाडं ठिसूळ झालेल्या माणसाने पाठ गोल करून जोर लावला तर मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येऊन तो पिचू शकतो. त्यांचा हा व्यायाम त्याच दिवशी बंद केला. पाठीवर झोपून पोट्र्या गोधडीवर ठेवणं आणि श्वास न कोंडता खळगा हलकेच भरणं एवढंच ठेवलं, आणि एक्स-रे आणि हाडांच्या तपासणीसाठी त्यांना यवतमाळला पाठवलं.